कॅटलॉगमधली हवा

जर्नलं तपासताना मी शेवटचं पान आधी उघडतो. ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलेलं असतं: मिळालेली रीडिंग्ज कंपनीच्या आलेखापेक्षा कमी आली, कारण मानवी चूक आणि घर्षण. कोणाची चूक, कुठे, किती, याबद्दल अवाक्षर नसतं. सीनियरच्या जर्नलातून ज्युनिअरच्या जर्नलात हे वाक्य वर्षानुवर्षं उतरत आलेलं आहे. पण यंदा एका बॅचच्या जर्नलांनी मला दोन संध्याकाळी टेबलाशी बसवून ठेवलं. रीडिंग्ज सगळ्यांची एकच होती, उत्तरं मात्र तीन आली. आणि त्यांतलं जे सर्वांत छान दिसत होतं, तेच चुकीचं निघालं.

प्रयोग साधा आहे. पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक सेंट्रिफ्युगल पंखा आहे. छताचा पंखा नव्हे, शंखाच्या आकाराच्या पत्र्याच्या कवचात चाक फिरतं तो. कारखान्यात धूळ ओढायला, बॉयलरला हवा पुरवायला असले पंखे लागतात. चाकाचा व्यास ३१५ मिलिमीटर, मोटर दीड किलोवॅटची. पंख्याच्या ओढणाऱ्या तोंडाला २५० मिलिमीटर व्यासाची गोल नळी जोडलेली आहे, दुसरं तोंड मोकळं. नळीच्या टोकाशी झाकण मागेपुढे सरकतं. झाकण पूर्ण मागे घेतलं की हवा मुबलक येते, पण पंख्याला जोर लावावा लागत नाही. झाकण जवळ आणत गेलं की हवा घटते आणि दाब वाढतो. झाकणाच्या आठ जागा घ्यायच्या, प्रत्येक ठिकाणी हवा किती आणि दाब किती ते मोजायचं आणि आठ ठिपके कागदावर मांडायचे. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये याच पंख्याची रेघ छापलेली असते. ती त्याच कागदावर काढायची आणि आपले ठिपके तिच्यावर बसतात का ते पाहायचं.

ते बसत नाहीत. कधीच बसत नाहीत.

आठांपैकी एकच ठिपका घेऊ, कारण सगळी गंमत त्यातच आहे. त्या जागी नळीतून सेकंदाला ०.५८ घनमीटर हवा जात होती. नळीच्या भिंतीला एक बारीक भोक आहे, त्याला लावलेल्या पाण्याच्या मॅनोमीटरवर बाहेरच्या हवेपेक्षा १०३५ पास्कल कमी दाब दिसत होता, म्हणजे पाण्याच्या स्तंभात साडेदहा सेंटिमीटरचा फरक. मोटर मिनिटाला २८५० फेरे घेत होती. एवढ्या हवेला कॅटलॉगची रेघ १२२० पास्कल दाखवते. पहिल्या गटाने १०३५ आणि १२२० शेजारी शेजारी लिहिले, पंधरा टक्के फरक काढला आणि पंखा जुना झाल्याचा निकाल देऊन टाकला.

पण कॅटलॉगच्या रेघेखाली बारीक अक्षरात दोन गोष्टी छापलेल्या असतात आणि त्या कोणी वाचत नाही. एक, ही रेघ मिनिटाला २९०० फेऱ्यांची आहे. दोन, ही रेघ एका घनमीटरमध्ये १.२ किलो वजन असलेल्या हवेची आहे. जगभरच्या पंखेवाल्यांनी हाच आकडा धरलेला आहे. साधारण समुद्रसपाटीवर, वीस अंश तापमानाला हवेचं वजन तेवढं भरतं. पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटरपेक्षा थोडं उंच आहे आणि त्या दुपारी लॅबमध्ये ३२ अंश तापमान होतं. भिंतीवरच्या बॅरोमीटरवर ९४५ मिलिबार होते. म्हणजे ९४,५०० पास्कल. हवेची घनता काढायला हा आकडा २८७ ने भागायचा आणि पुन्हा निरपेक्ष तापमानाने, म्हणजे २७३ अधिक ३२, ३०५ ने भागायचा. उत्तर येतं १.०८. आमची हवा कॅटलॉगमधल्या हवेपेक्षा दहा टक्के हलकी होती.

पंख्याचं चाक हवेला फिरवतं आणि बाहेर भिरकावतं. हलकी वस्तू त्याच वेगाने भिरकावली तर तिचा धक्का कमी बसतो. चाक दर फेऱ्याला तितक्याच घनमीटर हवेला हात घालतं, पण त्यातून निघणारा दाब हवेच्या वजनाच्या प्रमाणात घटतो. म्हणून तोच पंखा मुंबईत आणि महाबळेश्वरात वेगवेगळा दाब देतो, आणि दोन्ही ठिकाणी तो तितकाच चांगला असतो.

इथे एक खड्डा आहे, त्यात दरवर्षी कोणी ना कोणी पडतं. बॅरोमीटर वाचायचा कंटाळा येतो म्हणून मुलं मोबाइलवर हवामान पाहतात. तिथे पुण्याचा दाब १०१० मिलिबार लिहिलेला असतो. तो खोटा नसतो, पण पुण्याचाही नसतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानवाले प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. तो आकडा घातला की घनता १.१५ येते आणि दहा टक्क्यांची दुरुस्ती चार टक्क्यांवर घसरते.

फेऱ्यांची गोष्ट लहान आहे, पण ती वर्गाने वाढते. २९०० ऐवजी २८५० म्हणजे पावणेदोन टक्के कमी वेग. हवा तेवढीच, पावणेदोन टक्के कमी येते. दाब मात्र साडेतीन टक्के उतरतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेव्हा आपला ठिपका कॅटलॉगच्या गावी न्यायचा असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी सरकवायला हवं. हवा ०.५८ ची ०.५९ होते. दाब ०.९ ने भागायचा, मग ०.९६६ ने. दुसऱ्या गटाने हे सगळं नीट केलं. १०३५ चे ११९१ झाले. ०.५९ घनमीटरला रेघ दाखवते १२१०. फरक दीड टक्का. त्यांनी खाली लाल पेनने रेघ ओढून लिहिलं होतं, ‘कंपनीचा आलेख सिद्ध झाला.’ मी आधी त्यांना दहापैकी नऊ देऊन टाकले होते.

तिसऱ्या गटात एक मुलगी आहे, वर्गात फारशी बोलत नाही. तिच्या जर्नलात दाब होता ११०४ आणि फरक जवळजवळ नऊ टक्के. दुरुस्त्या सगळ्या केलेल्या, गुणाकार बरोबर. मी लाल पेन उचललं आणि मग माझं लक्ष एका वजाबाकीकडे गेलं. तिने भागाकाराच्या आधी १०३५ मधून ७५ वजा केले होते.

हे ७५ काय ते समजून घ्यायला हवा कशी मोजली ते सांगावं लागेल. नळीत पिटो नळी घालतात. आँरी पितो या फ्रेंच इंजिनिअरने १७३२ साली पॅरिसमध्ये सीन नदीच्या पाण्याचा वेग अशा वाकवलेल्या नळीने मोजला होता, तिचीच ही सुधारलेली पणती. तिचं एक तोंड वाऱ्याच्या समोर असतं, त्यात धावती हवा अडून थांबते आणि वेगाचा दाब होतो. दुसरी भोकं बाजूला असतात, त्यांना नुसता आजूबाजूचा दाब कळतो. दोघांतला फरक म्हणजे वेगाचा दाब. आमच्या ठिपक्याला नळीत सरासरी वेग सेकंदाला ११.८ मीटर होता आणि वेगाचा दाब ७५ पास्कल, पाण्याच्या स्तंभात पाऊण सेंटिमीटर. उभ्या नळीत इतका छोटा फरक धड वाचताही येत नाही, म्हणून मॅनोमीटर दहास एक उतारावर आडवा ठेवतात. पाऊण सेंटिमीटरची मग सात-साडेसात सेंटिमीटरची धाव होते.

नळीच्या मध्यभागी हवा जोरात धावते, भिंतीपाशी रेंगाळते. म्हणून दोन आडव्या-उभ्या व्यासांवर दहा-दहा ठिकाणी रीडिंग घेतात. ही ठिकाणं सारख्या अंतरावर नसतात, भिंतीकडे दाट असतात, कारण बाहेरच्या कड्यातून जास्त हवा जाते. आणि सरासरी दाबांची काढायची नसते. एके जागी ४ मिलिमीटर आणि एके जागी ९ मिलिमीटर आले, तर वेग त्यांच्या वर्गमुळांच्या प्रमाणात, म्हणजे २ आणि ३, सरासरी अडीच. आधी दाबांची सरासरी काढली तर साडेसहा येतात आणि त्याचं वर्गमूळ २.५५. फरक दोन टक्क्यांचा, आणि तो नेहमी हवा जास्त दाखवणाराच असतो. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिचा वास येतो.

आता ती वजाबाकी. बाहेरची हवा निवांत उभी आहे. नळीत शिरताना तिला धावायला लागावं लागतं, आणि धावायला लागली की तिचा दाब आपोआप उतरतो. भिंतीतल्या भोकाला हा उतरलेला दाबही दिसतो. पण तो उतार म्हणजे पंख्याने कशावर तरी मात केली असं नव्हे. तेवढी शक्ती हवेतच आहे, वेगाच्या रूपात. म्हणून ओढणाऱ्या बाजूला मोजलं असेल तर पंख्याचा स्थितिक दाब काढताना भिंतीवरच्या रीडिंगमधून वेगाचा दाब वजा करायचा. १०३५ वजा ७५, बरोबर ९६०. दुरुस्त्यांनंतर ११०४. पंखे मोजण्याच्या आयएसओ ५८०१ या मानकात नळी कोणत्या बाजूला आहे त्यावरून चार प्रकार केले आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. आमची मांडणी तिसऱ्या प्रकारातली, आत नळी आणि बाहेर मोकळं.

म्हणजे ज्या गटाचा ठिपका रेघेवर बसला होता, तो वजाबाकी विसरल्यामुळे बसला होता. आणि जिचा हिशेब बरोबर होता, तिला शंभराहून जास्त पास्कलची तूट दिसत होती. दुसऱ्या गटाच्या विसरण्याने एक खरी तूट झाकली होती, आणि झाकली गेल्यामुळे ती कोणी शोधली नसती. मला हे मान्य करायला जड गेलं, कारण त्यांना नऊ मार्क मीच दिले होते.

तूट कुठली, हा प्रश्न उरला. मी मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “सर, दोन बेंड आहेत ना.”

आहेत. आमची लॅब लांबीला कमी. खांब मध्ये येतो म्हणून मांडणी करणाऱ्याने नळी आधी वर वळवली आणि लगेच बाजूला, आणि दुसऱ्या वळणाला खेटून पंख्याचं तोंड. मोजमाप वळणांच्या आधी, सरळ भागात. इतकी वर्षं ती वळणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत आणि मी त्यांना फर्निचर समजत होतो.

दोन वळणं एका पातळीत नसली की हवा नुसती वळत नाही, पिळवटते. पहिल्या वळणात जोरात धावणारी हवा बाहेरच्या कडेला जाते, आणि तिला नीट पसरायला जागा मिळायच्या आत दुसरं वळण तिला बाजूला खेचतं. बाहेर पडते ती भोवऱ्यासारखी फिरत. आता चाकाचं कामच हवेला फिरवणं. आत येणारी हवा आधीच चाकाच्या दिशेने फिरत असेल तर चाकाला तिला द्यायला कमी उरतं आणि दाब कमी निघतो. पंख्यात दोष नसतो, त्याच्या तोंडाशी आपण काय ठेवलं आहे त्याचा तो परिणाम असतो. या धंद्यातली माणसं त्याला सिस्टिम इफेक्ट म्हणतात. एसीचं किंवा धूळ ओढण्याचं काम बसवल्यावर ‘पंखा हवाच देत नाही’ अशी तक्रार आली की आधी इथेच पाहावं.

हवा फिरते आहे की नाही हे पाहायला महागडं काही लागत नाही. पंख्याच्या तोंडापाशी नळीला एक पारदर्शक खिडकी आहे. ताठ तारेला लोकरीचा चार बोटं धागा बांधला आणि आत धरला. हवा सरळ असती तर धागा नळीच्या रेषेत उभा राहिला असता. तो तिरका पडला आणि तार मध्यापासून जिकडे नेली तिकडे आपला कल बदलत राहिला, सगळीकडे चाकाच्याच दिशेने.

मग लॅबच्या काकांनी आणि पाच मुलांनी पंखा बाहेर व्हरांड्यात काढला. वळणं सोडली, सरळ नळी लावली, पंख्याच्या तोंडापासून दोन मीटर मागे मोजमाप. झाकण सरकवून हवा पुन्हा ०.५८ वर आणली. भिंतीचा मॅनोमीटर १०३५ वरून १०९६ वर गेला. ७५ वजा, १०२१. दुरुस्त्यांनंतर ११७५. नऊ टक्क्यांची तूट तीनवर आली. त्यातही नळीच्या दोन मीटरच्या घर्षणाचे दहाएक पास्कल आहेत, ते पंख्याच्या खात्यावर मांडणं योग्य नाही. ते परत दिले की तूट दोन टक्के.

मला सर्वांत आवडलेला पुरावा मात्र वॉटमीटरवर होता. वळणं असताना मोटर ११३० वॅट घेत होती, सरळ नळीत तेवढ्याच हवेला ११८०. वळणांमुळे नुसतं घर्षण वाढलं असतं तर तेवढ्याच हवेला चाकाचं काम तेवढंच राहिलं असतं आणि वॅट बदलले नसते. वॅट वाढले, म्हणजे चाक आता हवेला खरोखर जास्त काही देत होतं. धाग्याने जे दाखवलं तेच विजेच्या मीटरने कबूल केलं.

वॅटचा विषय निघालाच आहे तर एवढंच: कार्यक्षमतेच्या कॉलममध्ये बहुतेक गटांनी ४९ टक्के लिहिले होते आणि कॅटलॉगमध्ये ६५ होते. वॉटमीटर मोटरमध्ये शिरणारी वीज मोजतो, कॅटलॉग चाकाच्या दांड्यावर पोचलेली शक्ती धरतो. मधले वीसएक टक्के मोटर तापण्यात जातात. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली की ४९ चे ६२ होतात, आणि सरळ नळीवर ६३.

उरलेल्या दोन टक्क्यांबद्दल मुलांना काहीतरी कारण हवंच होतं. मी म्हटलं, नको. आमच्या पिटोची सरासरी हवेत अडीच टक्के इकडेतिकडे होऊ शकते, मॅनोमीटरचं पाणी थरथरतं, आणि कॅटलॉगच्या तळाशी कंपनीने स्वतःच पाच टक्क्यांची सूट लिहून ठेवली आहे. छापील रेघेची जाडीच आमच्या पट्टीवर दहा पास्कल भरते. या दोन टक्क्यांना नाव देता येत नाही, म्हणून देऊ नये.

डावीकडच्या दोन ठिपक्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे झाकण जवळजवळ बंद, हवा सेकंदाला ०.१५ घनमीटर. वेग तीन मीटर, वेगाचा दाब पाच पास्कल, म्हणजे पाण्याचा अर्धा मिलिमीटर. उतारावरच्या मॅनोमीटरवरही तो पाच मिलिमीटरच दिसतो, आणि पाणी एक मिलिमीटर डुलत असतं. दाबात वीस टक्क्यांची अनिश्चितता, हवेत दहा. एका गटाने हे दोन ठिपकेही रेघेत बसवण्यासाठी हाताने सुंदर वाकडी रेघ काढली होती. तिसऱ्या गटाने ते पोकळ वर्तुळांनी दाखवले आणि प्रत्येकातून एक आडवी काडी काढली, इथून इथपर्यंत कुठेही असेल अशी.

पंखा आता परत आत आला आहे. सरळ नळीला जागा नाही म्हणून वळणं तशीच राहिली, पण काकांनी खिडकीपाशी एक खिळा ठोकून त्याला तो लोकरीचा धागा आणि तार अडकवून ठेवली आहे. दुसऱ्या गटाच्या नऊचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.